सुट्टी मंजूर!

आमचे साहेब म्हणजे फुंकून ताक पिणारा माणूस. जळगावात डाळ मिलचे हिशेब सांभाळायचे म्हटल्यावर ते चालतंच म्हणा. मनालीच्या ट्रेकिंग कोर्ससाठी दोन आठवडे मागितले, तर म्हणाले, "आठ दिवसांत उरक ना भाऊ!"

मग कागदावर मांडून दाखवलं. जाण्यायेण्यात चार दिवस, कोर्स दहा दिवसांचा. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज तीनशे-पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, कारण विरळ हवेची शरीराला हळूहळू सवय होते. घाई केली की डोकेदुखी, मळमळ सुरू होते, आणि त्या अवस्थेत वर चढत राहणं जिवावर बेतू शकतं.

साहेबांनी मान हलवली, पण खरी भीती वेगळीच होती. "रिटर्न कोण भरणार?"

ते आधीच पाहून ठेवलं होतं. जीएसटीच्या थ्री-बी रिटर्नची मुदत २० तारखेची, जीएसटीआर-वनची पुढच्या महिन्याच्या ११ ची. म्हणून २१ ला निघायचं, ४ ला परत. मधे फक्त पगार येतो, तो शेजारच्या टेबलावरच्या ताई करणार. त्यांना समोरच बोलावलं.

साहेबांनी कॅलेंडर दोनदा उलटंपालटं केलं, मग सही. वर अट: निघण्याआधी थ्री-बीची पावती टेबलावर हवी.