नव्वद टक्के सौदे फायद्यात, तरी खातं तीन हजारांनी खाली

इंदूरला आमच्या लोकमान्य नगरात शेअरबाजार खेळणारा माणूस भेटला की पहिला प्रश्न एकच: "जिंकण्याचं प्रमाण किती?" ब्रोकरचं ॲप माझं प्रमाण ९० टक्के दाखवत होतं आणि खातं मात्र घटत होतं. हेल्पलाइनवर विचारलं तर दरवेळी तेच, "सर, रिपोर्ट तो सही है." रिपोर्ट कसा मोजलाय, हे कोणीच सांगेना. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी ट्रेडबुक उतरवून घेतलं आणि एक्सेलमध्ये उघडलं. खरी अडचण तिथेच होती. माझ्या पद्धतीत शंभर शेअर, पाच रुपयांचं टार्गेट, पंचवीस रुपयांचा स्टॉप. टार्गेटला लिमिट ऑर्डर असते, ती तुकड्यांनी भरते: तीस शेअर आत्ता, पन्नास नंतर, वीस आणखी उशिरा. ॲप प्रत्येक तुकड्याला वेगळा यशस्वी सौदा धरत होतं. स्टॉप लागला की माल बाजारभावाने एकदम जायचा, म्हणजे तोटा एकाच ओळीत. अशा ४० ओळींपैकी ३६ फायद्याच्या! ऑर्डर क्रमांकाप्रमाणे ओळी एकत्र केल्या तेव्हा खरे सौदे २० निघाले. १६ फायद्याचे, ४ तोट्याचे. म्हणजे ८० टक्के. (ट्रेड क्रमांकाने एकत्र करू नका, तो प्रत्येक तुकड्याचा वेगळा असतो.)

आता ८० टक्केही वाईट नाही, असंच कोणीही म्हणेल. पण १६ वेळा ५०० रुपये म्हणजे ८,०००, आणि चार वेळा २,५०० म्हणजे १०,०००. दोन हजार इथेच गेले. त्यात ब्रोकरेज, कर धरून सौद्यामागे साधारण ५० रुपये, म्हणजे आणखी हजार.

पाचशे मिळवायला अडीच हजार पणाला लावले, तर ना नफा ना तोटा व्हायलाच ८३ टक्क्यांच्या वर जिंकावं लागतं: जोखीम भागिले जोखीम आणि नफ्याची बेरीज, म्हणजे २,५०० भागिले ३,०००. खर्च धरला की हाती ४५० येतात आणि जातात २,५५०. मग आकडा ८५ वर जातो.

उलट ५०० च्या जोखमीवर १,००० चं टार्गेट असेल, तर दहापैकी चारच जिंकूनही खर्चाआधी हजार उरतात. मात्र टार्गेट लांब नेलं की ते कमी वेळा लागतं आणि स्टॉप जवळ आणला की तो जास्त वेळा उडतो. जुने ८० टक्के नव्या गुणोत्तरावर चिकटवू नका, सौदे पुन्हा मोजा.

आणि हो, आधीच सांगायला हवं होतं: बहुतेक रिपोर्ट फक्त बंद झालेले सौदे मोजतात. तोट्यातला माल डिलिव्हरीत ढकलून ठेवला असेल, तर तो आजच्या भावाने हिशेबात धरा. काकांच्या खात्यात असे तीन शेअर निघाले. ते धरल्यावर त्यांचे ८५ टक्केही फार वेळ टिकले नाहीत.