अण्णांच्या हातातलं ‘अधिक दोनशे’

भोसरीच्या आमच्या शॉपमध्ये सीएनसी लेथवर इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलता येणारं कापणारं टोक, बदलणं हे रोजचं काम. अण्णा ते चार मिनिटांत करतात. त्यांना ऑपरेटरवरून शिकवणारा करायचं ठरलं, तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी मी त्यांना एवढंच म्हटलं, “नेहमी शिकवता तसं या अप्रेंटिसला शिकवा.” आणि बाजूला उभा राहिलो.

“असा बसवायचा, असा आवळायचा, मग ऑफसेट बघायचा,” म्हणत अण्णांनी करून दाखवलं. पोराने मान डोलावली. पुढचा इन्सर्ट त्याने बदलला. कापायच्या तुकड्याचा, म्हणजे जॉबचा, बाहेरचा व्यास ३० मिमी, चालतो २९.९७९ ते ३०.०००. जॉब आला २९.९४. स्क्रॅप.

चूक कुठे झाली हे आकड्यांतच होतं. इन्सर्ट झिजत जातो तसा बाहेरचा व्यास वाढत जातो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट, म्हणजे मशीनमधला झिजेची भरपाई करणारा आकडा, उणे करत जातो. जुन्या इन्सर्टच्या शेवटी X मध्ये, म्हणजे व्यासाच्या मापात, -०.०६० साचलेलं होतं. नव्या इन्सर्टची झीज शून्य, पण ऑफसेट तोच राहिला. अण्णांनी मात्र इन्सर्ट बसवताच ०.२०० टाइप करून +INPUT दाबलं होतं. तोंडाने एक अक्षर नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, “ते तर करतोच ना!”

मुरलेल्या ऑपरेटरला शिकवणारा करताना खरी अडचण हीच असते. सवयीचं झालेलं पाऊल त्याला पाऊल वाटतच नाही. म्हणून दुपारी आम्ही कामाची फोड करायला बसलो. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमात बसवली गेली, आणि युद्धानंतर जपानी कारखान्यांनी ती जोपासली. कागदावर तीन रकाने: मुख्य पायरी, कळीचा मुद्दा, कारण. जे चुकलं तर काम बिघडतं, माणसाला इजा होते, किंवा जे जमलं तर काम सोपं होतं, तेच कळीच्या रकान्यात लिहायचं.

अण्णांना बसून विचारलं तर आठवणार नव्हतं. म्हणून ते मशीनवर करत राहिले, आणि प्रत्येक हालचालीला मी थांबवून विचारत गेलो, “अण्णा, हे नाही केलं तर?” तिसऱ्या फेरीत दोन मुद्दे निघाले. बैठक हवेने आणि कापडाने पुसायची, कारण खाली चिप राहिली की इन्सर्ट डुगडुगतो आणि फुटतो. ऑफसेटमध्ये अधिक ०.२०० टाकायचे, म्हणजे पहिला जॉब नक्की मोठा येतो. मोठा जॉब पुन्हा कापता येतो, बारीक झालेला नाही. सरळ शून्य का करत नाहीत? कारण एकाच खोक्यातल्या दोन इन्सर्टच्या टोकांतही शतांशांचा फरक निघतो. आणि अधिक ०.०५० का नाही? पुढच्या फेरीला कापायला इतका पातळ थर उरला, तर टोक कापण्याऐवजी घासतं आणि माप फसवं येतं. हे शेवटचं कारण सांगताना अण्णा स्वतःच थबकले. ते पहिल्यांदाच शब्दांत आलं होतं.

संध्याकाळी पुन्हा तोच पोरगा. आता अण्णांनी तीनदा दाखवलं: आधी नुसत्या पायऱ्या, मग कळीचे मुद्दे, मग कारणं. पोराला समोर नाही, शेजारी उभं केलं, नाहीतर उजवं-डावं उलटं दिसतं. मग पोराची पाळी. पहिल्यांदा गप्प राहून करायचं, नंतर पायऱ्या, मुद्दे आणि कारणं बोलत पुन्हा. अण्णांचा हात सारखा पॅनेलकडे जायचा. मी त्यांना हात मागे बांधायला लावले. फक्त धोका दिसला तरच फीड होल्ड दाबून टूलची चाल थांबवायची.

ऑफसेट -०.०६० वरून +०.१४० झाला. जॉब आला ३०.१४२. हवं मधलं माप २९.९९०, म्हणजे दुरुस्ती -०.१५२. पोराचं बोट INPUT कडे निघालं. अण्णा ओरडले नाहीत, त्यांनी विचारलं, “हे बटण काय करतं?” पोरगा थांबला. INPUT जुना आकडा पुसून नवा लिहितं, +INPUT त्यात मिळवतं. INPUT दाबलं असतं तर ऑफसेट -०.१५२ झाला असता आणि जॉब २९.८५० वर गेला असता. +INPUT ने तो -०.०१२ वर आला. दुसरी फेरी कापली, जॉब २९.९९०. अण्णांनी तिथेच पेन काढून कळीच्या रकान्यात ‘+INPUT’ लिहिलं, कारणासकट. हा मुद्दा दुपारी आम्हा दोघांनाही सुचला नव्हता.

पाठपुरावाही त्यांनीच ठरवला: पहिले दोन दिवस प्रत्येक बदलाला शेजारी उभं राहायचं, मग फक्त पहिला जॉब तपासायचा, आणि अडलं तर विचारायचं कोणाला हे नावानिशी सांगून ठेवायचं.

निघताना पोराने विचारलं, “अण्णा, बोअरला पण अधिक दोनशेच ना?” अण्णा क्षणभर गप्प झाले. बोअरिंगचा टूल झिजला की भोक लहान येतं, म्हणून तिथे ऑफसेट अधिककडे जातो आणि सुरक्षित बाजू उणे असते. “नाही बाळा, तिथे उलटं. त्याचा कागद वेगळा,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास येतो म्हणून सांगून गेले.