हाव

पहिला फोन तेवीस मिनिटांचा झाला. कारण अगदी साधं होतं: मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीत किती सीट धरायच्या. सीटचा विषय चौथ्या मिनिटाला संपला. उरलेली एकोणीस मिनिटं आम्ही काय बोललो ते मला आज सांगता येणार नाही, पण त्याचा आवाज मात्र लख्ख आठवतो.

मी कानाच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांच्या कानाला हेडफोन लावायचे, २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर वाजवायचा आणि 'ऐकू आला की बटण दाबा' म्हणायचं. त्यामुळे आवाज या गोष्टीने सहसा हुरळून जात नाही मी. त्या दिवशी मात्र फोन ठेवल्यावर दहा मिनिटं नुसती खिडकीत उभी होते.

हे त्याला सांगायचं कसं? 'आवाज छान आहे तुझा' असं टाइप केलं आणि खोडलं. एकतर फोनवर आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणालो होतो. 'तुझा' लिहिलं तर एकदम उडी, 'तुमचा' लिहिलं तर पतसंस्थेचं पत्र. शिवाय 'छान आवाज' हे गाणं म्हणणाऱ्या भाचीलाही सांगतात. तिकडे त्याला माझं 'टायपिंग' दिसत असणार, या विचाराने अजूनच घाम. शेवटी मराठीची जुनी पळवाट कामी आली: सर्वनामच गाळून टाकायचं. 'फोनवर आवाज वेगळाच वाटतो.' तू नाही, तुम्ही नाही, आवाज आपला हवेतून आलेला.

उत्तर आलं, 'वेगळा म्हणजे? खराब?'

'वेगळाच' या शब्दाचा हा घोळ आहे. सासूने सुनेच्या भाजीला 'वेगळीच लागतेय' म्हणावं आणि सुनेने रात्रभर तळमळावं, असा तो शब्द. मग मला नीट लिहावं लागलं. वाक्य संपताना त्याचा आवाज एकेक पायरी खाली उतरतो, जिना माहीत असलेल्या माणसासारखा, न बघता. ते मला आवडलं, एवढंच लिहिलं. त्यावर त्याची लाजणारी बाहुली आली. इथेच थांबायला हवं होतं.

पण कौतुकाची एकदा चटक लागली की हात थांबत नाही. मी पुढे लिहिलं, 'आणि ते "मी निघूनच राहिलो होतो" म्हणालात ना, फार गोड.'

दोन तास काही नाही.

आवाजाच्या कौतुकात खड्डा असतो तो हाच. आवाज आणि बोली यांच्यातली भिंत फार पातळ. मला वाटलं मी आवाजाबद्दल बोलतेय; त्याला ऐकू आलं, पुण्याची एक पोरगी आपल्या वऱ्हाडीला हसतेय. नंतर त्याने सांगितलं की हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी पोरं त्याला मुद्दाम 'काय करून राहिला?' विचारायची आणि तो उत्तर द्यायच्या आत हसायची. 'गोड' हा शब्द तेव्हाही वापरला जायचा. लहान मुलाला म्हणतात तसा.

माफी मागितली असती तर अजून जड झालं असतं. मी लिहिलं, 'आमच्याकडे "निघालोच होतो" म्हटलं की माणूस निघून गेलेला असतो. "निघून राहिलो" म्हटलं की अजून दारात उभा असतो. मला दारातला आवडला.' हे पाठवून मी फोन उशीखाली ठेवला, जणू त्याने काही फरक पडतो.

'बाप्पा!' एवढंच आलं. त्या एका शब्दावर 'तुम्ही' गेलं.

मग तो म्हणाला, स्वतःचा आवाज त्याला अजिबात आवडत नाही; रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की पिपाणी वाटते. हा तर माझा विषय! आपण बोलतो तेव्हा स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकतो: एक हवेतून, दुसरी कवटीच्या हाडातून. हाडाची वाट जाड, खालचे सूर वाढवते. रेकॉर्डिंगमध्ये ती वाट नसते, म्हणून तो आवाज पातळ आणि परका वाटतो. दवाखान्यात कानामागच्या हाडावर छोटा कंपक ठेवून आम्ही हीच वाट तपासतो. मी लिहिलं, 'तुझा जो आवाज तुला माहितीय तो फक्त तुलाच ऐकू येतो. बाकीच्यांना हा दुसरा मिळतो, आणि आमची तक्रार नाही.' शेवटच्या चार शब्दांसाठी आधीचं अख्खं शास्त्र लिहिलं होतं, हे त्यालाही कळलं असावं.

एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही. त्या दिवशी तो गावाकडे होता, नेटवर्क टू-जीवर उतरलेलं. 'सहा' म्हणाला की 'फहा' ऐकू यायचं. अशा कॉलवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. 'स'ची शिट्टी त्याच्या वर असते, ती कापली जाते. आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर असतो सव्वाशेच्या आसपास, म्हणजे तोही पलीकडे पोचतच नाही. वरच्या सुरांवरून आपला मेंदू तो खालचा सूर मनानेच भरून काढतो. म्हणजे ज्या खर्जावर मी खिडकीत उभी राहिले, तो त्याने पाठवलाच नव्हता. माझा मीच घातला होता. सुरुवातीला सगळंच असं असतं म्हणा.

रात्री त्याने व्हॉइस नोट पाठवली. एकवीस सेकंद. मी निळ्या टिका बंद ठेवलेल्या, आपण वाचलं की नाही ते कळू नये म्हणून. पण व्हॉइस नोट ऐकली की त्यावरचा माइक निळा होतो, तो कुठल्याच सेटिंगने लपत नाही. पाठवल्या पाठवल्या निळा झालेला त्याने पाहिला. किती वेळा ऐकली ते दाखवत नाहीत, हे उपकारच.

ऐकली तर हा धावत सुटलेला. पायऱ्या नाहीत, जिना नाही, नुसती घसरगुंडी. मी लिहिलं, 'एवढा घाबरलास का?'

'मी तर हळूच बोललो. चार वेळा रेकॉर्ड केलं.'

तेव्हा कोपऱ्यातल्या आकड्याकडे लक्ष गेलं. १.५ पट. आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या सात-सात मिनिटांच्या सूचना ऐकायला मी वेग वाढवून ठेवलेला, तो तसाच राहिलेला. वेग एकवर आणला, पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि फोन कानाला लावला. आता तो सावकाश उतरत होता. शेवटचे दोन सेकंद बोलणं नव्हतंच, पंखा होता आणि कुणीतरी श्वास घेत होतं.

'उद्या फोन करू का?' असा मेसेज पाठोपाठ होताच.

मी टाइप केलं, 'हाव.' त्याच्याकडे 'हो'ला हाव म्हणतात. आमच्याकडे हाव म्हणजे अधाशीपणा. दोन्ही अर्थांनी बरोबरच होतं.

'लिहू नको. बोलून दाखव.'

एक शब्द, एक सेकंद. रेकॉर्ड केला, पाठवण्याआधी ऐकून पाहिला. पिपाणी. हाडाची वाट, हवेची वाट, सगळं पाठ असूनही पुसला. परत केला. परत पुसला. सातव्यांदा केला तेव्हा आईने बाहेरून विचारलं, 'कोणाला हो म्हणतेयस गं एवढ्या रात्री?'