वीकनेस डाव्या पायात, बधिरपणा उजव्या पायात

मेडिसिनच्या रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष होतं तेव्हाची गोष्ट. स्पायनल ट्रॅक्ट्सचा, म्हणजे मज्जारज्जूतून जाणाऱ्या तंतूंच्या वाटांचा, माझ्याकडे एक तक्ता होता, अकरा ट्रॅक्ट्स, प्रत्येकाला वेगळा रंग, उगम कुठे, जातो कुठून, क्रॉस कुठे होतो, काम काय. व्हायवाला तो मी न अडखळता म्हणून दाखवला होता, आणि खरं सांगायचं तर परीक्षेनंतर दोन महिन्यांत त्यातले फक्त रंग लक्षात राहिले.

त्या दिवशी ओपीडीतून एक बाई अॅडमिट झाल्या, पंचेचाळिशीच्या. पाच महिन्यांपासून डावा पाय ओढत चालतात, पाठ दुखते, आणि उजव्या पोटरीवर एक बरा होत आलेला भाजल्याचा फोड. सोबत कमरेचा एमआरआय होता, त्यात एल-४ एल-५ ला डिस्क थोडी बाहेर आलेली दिसत होती, तेवढ्यावर त्यांना आधी कुठेतरी सायटिका म्हणून गोळ्या सुरू होत्या. मी तपासलं. डाव्या पायाची ताकद कमी, बरोबर. मग टोचून बघितलं तर डाव्या पायाला नीट टोचतंय आणि उजव्याला, म्हणजे ज्या पायात ताकद चांगली आहे त्याला, काहीच कळत नाही. मी परत केलं, तेच. मला वाटलं पेशंटचं लक्ष नाहीये, तिसऱ्यांदा केलं तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या, "अहो डॉक्टर, सांगतेय ना, या पायाला नाहीच कळत." आणि मी काय केलं असेल तर केसपेपरवर लिहिलं, सेन्सरी फाइंडिंग्ज इनकन्सिस्टंट, आणि पुढे कंसात फंक्शनल, म्हणजे शरीरात बिघाड नसलेलं, आणि प्रश्नचिन्ह. हे आठवलं की अजून कान गरम होतात.

संध्याकाळच्या राउंडला सरांनी ते वाचलं. ओरडले नाहीत. पेशंटच्या बाजूला बसले आणि विचारलं, "मावशी, अंघोळीचं पाणी अंगावर घेता तेव्हा काही फरक जाणवतो का?" त्यावर मावशी लगेच म्हणाल्या की हो, डाव्या पायाला कढत लागतं आणि उजव्याला गारच वाटतं, फोड पण तसाच आला, शेकायची पिशवी पोटरीला टेकून राहिली आणि वास आल्यावर कळलं. मला हे त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

मग सर मला बाहेरच्या टेबलावर घेऊन बसले, केसपेपरची मागची बाजू उलटी केली आणि मधोमध एक उभी रेघ मारली. ही पेशंटची मधली रेघ. म्हणाले तक्ता विसर, तीनच तारा काढ, पण प्रत्येक तार पायापासून मेंदूपर्यंत पेन न उचलता काढायची आणि मधली रेघ कुठे ओलांडते तिथे थांबून मला सांगायचं.

पहिली तार ताकदीची, कॉर्टिकोस्पायनल. ही खरं तर वरून खाली येते, मेंदूतून निघते आणि मेड्युलाच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या भागाच्या, अगदी खालच्या टोकाला ओलांडते. म्हणजे एकदा स्पायनल कॉर्डमध्ये शिरली की ती ज्या बाजूला आहे त्याच बाजूचा पाय हलवते. दुसरी तार व्हायब्रेशन आणि जॉइंट पोझिशनची, डॉर्सल कॉलम. ही पायातून आत शिरते आणि त्याच बाजूने सरळ वर जाते, मेड्युलात पोचेपर्यंत ओलांडतच नाही. तिसरी तार टोचण्याची आणि गरम-गारची, स्पायनोथॅलॅमिक. ही बेशिस्त. आत शिरली की एकदोन सेगमेंट वर जाते न जाते तोच कॉर्डमध्येच पलीकडे जाते आणि मग त्या पलीकडच्या बाजूने वर चढते.

सर म्हणाले, "आता मला एकच जागा दाखव, जिथे एक टाचणी टोचली तर डाव्या पायाची ताकद जाईल आणि उजव्या पायाचं टोचणं जाईल." मी पेन फिरवत राहिले, आणि ती जागा आपोआप समोर आली. कॉर्डची डावी बाजू. तिथे डाव्या पायाची ताकदीची तार आहे, आणि तिथेच उजव्या पायाची पलीकडून आलेली वेदनेची तारही आहे. "मग व्हायब्रेशन कुठल्या पायाचं गेलं असेल?" मी म्हणाले डाव्या. "बघितलंस?" नव्हतं बघितलं. ट्यूनिंग फोर्क घेऊन परत गेले. डाव्या घोट्याला नाही, गुडघ्याला नाही, कमरेच्या हाडावर अगदी पुसट. उजवीकडे सगळीकडे व्यवस्थित. डोळे मिटून अंगठा वर की खाली विचारलं तर उजवीकडे दहापैकी दहा बरोबर आणि डावीकडे नुसता अंदाज. ज्याला मी इनकन्सिस्टंट म्हटलं होतं ते ब्राउन-सेकार्ड होतं, म्हणजे कॉर्डची एकच बाजू दुखावलेली, आणि गंमत म्हणजे त्या सिंड्रोमची व्याख्या मला तोंडपाठ होती.

बाजू ठरली. पण मजा पुढे होती, कारण आता उंची ठरवायची होती, आणि तिथे मी दुसऱ्यांदा आपटले.

डाव्या गुडघ्याचा आणि घोट्याचा जर्क दोन्ही जोरात होते, तळव्याला ओरखडल्यावर अंगठा खाली न जाता वर जात होता. सरांनी विचारलं, कमरेच्या डिस्कने असं होईल का? नाही होणार, कारण कॉर्ड एल-१ एल-२ मणक्याच्या आसपास संपते, त्याच्या खाली फक्त मुळांचा झुपका असतो, तिथे दाब आला तर जर्क मंद होतात, वाढत नाहीत. म्हणजे एमआरआयवरची ती डिस्क खरी होती पण निरपराध होती. या वयात अशा डिस्क कुठलीही तक्रार नसलेल्या कितीतरी लोकांत दिसतात.

मग मी सुईने उजवीकडून खालून वर येत गेले, कुठे टोचायला लागतं ते बघायला. बेंबीच्या पातळीला. बेंबी म्हणजे टी-१०, छातीच्या भागातल्या कॉर्डचा दहावा सेगमेंट. मी आनंदाने जाहीर केलं, लीजन, म्हणजे बिघाडाची जागा, डावीकडे टी-१० ला, आणि एमआरआयचा फॉर्म भरायला घेतला, लोअर डॉर्सल, म्हणजे छातीमागच्या मणक्यांचा खालचा भाग, असं लिहून. सरांनी पेन काढून घेतलं. "पाठ नेमकी कुठे दुखते विचार."

मावशींनी हाताने दाखवलं. डाव्या स्तनाच्या खालून बरगड्यांवरून पाठीकडे जाणारा पट्टा, खोकताना जास्त. कमरेत नाहीच. ही टी-६ च्या मुळाची जागा, बेंबीपासून चार सेगमेंट वर. पोटावर ओरखडून बघितलं तर डावीकडचे अॅब्डॉमिनल रिफ्लेक्स वरचे खालचे दोन्ही गायब, उजवीकडे आहेत. लीजन टी-१० ला असतं तर वरचे रिफ्लेक्स वाचायला हवे होते, कारण ते त्याच्या वरच्या सेगमेंट्सचे.

मग बेंबीपर्यंतच बधिर का? एक कारण तर तेच, तिसरी तार ओलांडायला एकदोन सेगमेंट घेते, त्यामुळे बधिरपणाची हद्द लीजनच्या तेवढी खाली येते. पण चारचा फरक त्याने भरत नाही. दुसरं कारण मला खरंच माहीत नव्हतं, म्हणजे वाचलं होतं पण कशासाठी वाचलं ते माहीत नव्हतं. त्या तारेत आत येणारे नवे धागे आतल्या बाजूला लागत जातात, त्यामुळे पायाचे, खालचे धागे सगळ्यात बाहेर ढकललेले असतात. बाहेरून काही दाबत असेल तर आधी बाहेरचे धागे चिरडतात, म्हणजे पाय आधी बधिर होतो, आणि दाब वाढत गेला की हद्द वर वर सरकते. ती शेवटी खऱ्या जागेच्या जवळ येईल, पण आज ती वाटेत आहे. सर म्हणाले सेन्सरी लेव्हल म्हणजे लीजनचा पत्ता नाही, ती फक्त एवढंच सांगते की याच्या खाली शोधू नकोस. मानेतल्या दाबानेसुद्धा कधी कधी फक्त छातीपर्यंतची लेव्हल मिळते, आणि फक्त डॉर्सलचा एमआरआय करणारे फसतात. मावशींचे हात, हातांचे जर्क नॉर्मल होते, तरी फॉर्मवर होल स्पाइन लिहिलं, कॉन्ट्रास्टसकट, आणि खाली सरांनी माझ्याकडून लिहून घेतलं की कॉर्ड सेगमेंट टी-६ म्हणजे मणका साधारण टी-४ टी-५, कारण कॉर्ड मणक्यांपेक्षा आखूड असते.

एमआरआय दुसऱ्या दिवशी होणार होता. तोपर्यंत सरांनी त्याच कागदावर नवं कोडं टाकलं. समज ताकद दोन्हीकडे चांगली आहे, उजव्या अर्ध्या अंगाला टोचलेलं कळत नाही, पण चेहऱ्याचा मात्र डावा अर्धा भाग बधिर आहे. टाचणी कुठे? मी आधी म्हणाले दोन लीजन. सरांनी मान हलवली, आधी एकात बसवून बघ. चौथी तार काढली, चेहऱ्याची. ती पॉन्समध्ये आत शिरते आणि ओलांडायच्या आधी त्याच बाजूने खाली उतरते, मेड्युलातून पार मानेच्या वरच्या कॉर्डपर्यंत. म्हणजे मेड्युलाच्या डाव्या कडेला डाव्या चेहऱ्याची अजून न ओलांडलेली तार आणि उजव्या अंगाची आधीच ओलांडून आलेली तार शेजारीशेजारी आहेत. तिथेच टाचणी. ताकद वाचली कारण ताकदीची तार समोर मध्यभागी पिरॅमिडमध्ये आहे, कडेपासून लांब. "शेजारी अजून कोण राहतं?" मग एकेक आठवत गेलं, गिळण्याचं आणि आवाजाचं न्यूक्लियस, तोल सांभाळणारे धागे, डोळ्याच्या बाहुलीकडे जाणारे सिम्पथेटिक धागे. म्हणजे पेशंटचा आवाज बसलेला असेल, ठसका लागत असेल, डावीकडे तोल जात असेल, डावी पापणी थोडी उतरलेली आणि बाहुली लहान. मेड्युलाच्या कडेच्या या वॉलेनबर्ग सिंड्रोमची यादी मी कितीदा घोकली असेन, आणि दर वेळी एखादी गोष्ट सुटायची, त्या दिवशी यादी न आठवताच ती कागदावर उतरली. (एक सुटलं होतं, व्हेस्टिब्युलर न्यूक्लियस, म्हणजे चक्कर आणि उलटी, ते सरांनी भरलं.)

एमआरआयमध्ये टी-४ आणि टी-५ मणक्यांच्या पातळीला, ड्यूराच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या, आत पण कॉर्डच्या बाहेर, डावीकडून दाबणारी गाठ निघाली, कॉन्ट्रास्टने एकसारखी उजळलेली. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये मेनिंजिओमा, म्हणजे कॉर्डभोवतीच्या आवरणांची गाठ. फिल्म बघताना रेडिओलॉजीतल्या मित्राने विचारलं, लेव्हल आधीच कशी लिहिलीस, आणि मी ते श्रेय थोडा वेळ घेतलं, मग सांगून टाकलं.

सहा आठवड्यांनी मावशी तपासणीला आल्या. पट्ट्याचं दुखणं गेलं होतं, डाव्या पायाची ताकद बरीच परत आली होती, पण अंगठा अजून वरच जात होता आणि व्हायब्रेशन घोट्याला नव्हतंच. मी सुई घेऊन उजवीकडून वर यायला लागले. बधिरपणाची हद्द बेंबीवरून उतरून गुडघ्याच्या खाली आली होती, शेवटी राहिले होते ते पाऊल आणि पोटरीचा बाहेरचा भाग. मावशी म्हणाल्या, "आता तीन तीनदा नका हो टोचू, या बाजूलाही लागायला लागलंय."