कसलेला अंबाडा आणि उचललेला चेहरा

गेल्या मे महिन्यात माझ्या धरमपेठेतल्या पार्लरमध्ये एका नवरीची ट्रायल होती. मुलगी गोल चेहऱ्याची, मान आखूड, केस कमरेपर्यंत आणि बऱ्यापैकी दाट. सोबत तिची मावशी होती. खुर्चीवर बसण्याआधीच मावशींनी मागणी सांगून टाकली, "अंबाडा अगदी टाळूवर घ्या आणि चांगला कसून बांधा ना, ताई. चेहरा कसा वर उचलल्यासारखा दिसला पाहिजे, अन् लांबट." ही मागणी माझ्याकडे नेहमी येते. मात्र तिच्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. चेहरा लांबट दिसतो तो उंचीमुळे आणि उचललेला दिसतो तो केस ओढण्याच्या दिशेमुळे. कसण्याचा संबंध या दोन्हींशी लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. तोंडी सांगून मावशींना हे पटले नसते, म्हणून मी ते त्या मुलीच्याच डोक्यावर करून दाखवायचे ठरवले.

आधी जागा ठरवली. शेपटीच्या कंगव्याचा दांडा हनुवटीपासून गालाच्या हाडाच्या बाहेरच्या कडेवरून तिरपा धरला आणि ती रेघ कानाच्या वरून मागे नेली, की डोक्याच्या मध्यरेषेवर ती जिथे पोचते तिथे अंबाड्याचे किंवा पोनीटेलचे बूड बसवायचे. बाजूने पाहणाऱ्याची नजर या तिरप्या रेघेवरून वर चढते आणि त्यामुळे गाल उंचावल्यासारखे भासतात. परंतु इथे बसवलेला अंबाडा समोरून फारसा दिसत नाही, म्हणजे समोरच्या फोटोत चेहऱ्याच्या लांबीत त्याची काहीच भर पडत नाही. ती हवी असेल तर अंबाड्याचा वरचा भाग समोरून डोक्याच्या वर निदान दोन बोटे दिसला पाहिजे. म्हणून या मुलीसाठी मी बूड त्या रेघेच्या किंचित वर, टाळूच्या मागच्या उतारावर घेतले आणि पुढच्या केसांना आतून थोडे बॅककोंबिंग करून हलका पफ ठेवला. अगदी टाळूच्या मध्यावर अंबाडा घेतला असता तर तो समोरून डोक्यावर ठेवलेल्या गोळ्यासारखा वेगळा दिसला असता.

मग कसण्याचा प्रयोग केला. मधोमध भांग पाडला, डावी बाजू मावशींच्या मनासारखी ताणून बांधली आणि उजवी बाजू माझ्या पद्धतीने बांधली. माझ्या पद्धतीत आधी फक्त कानशिलाजवळचा आणि माथ्याचा भाग त्या तिरप्या दिशेने वर नेऊन हुकाच्या रबराने बांधायचा, आणि कानामागचे व मानेवरचे केस नंतर सैल हाताने त्याच बुडाला जोडायचे. त्यामुळे ओढ हवी तिथेच लागते आणि मानेवरच्या केसांचे ओझे कानशिलावर येत नाही. फोटो डोळ्यांच्या पातळीवरून घेतले, कारण मोबाइल वर धरून काढलेल्या फोटोत कोणाचीही हनुवटी निमुळतीच दिसते.

डाव्या बाजूला भुवईचे टोक खरेच थोडे वर गेले होते, फार तर एक-दोन मिलिमीटर. पण त्या बाजूचा डोळा दचकल्यासारखा दिसत होता. गालाचा खालचा भाग आणि जबड्याची कड मात्र दोन्ही बाजूंना सारखीच होती. कानशिलाची कातडी ओढून भुवईचे टोक हलते, जबडा हलत नाही, आणि गोल चेहऱ्याची तक्रार तर बहुधा जबड्याचीच असते. अर्ध्या-पाऊण तासाने ताण सैल होत गेला, भुवई बरीचशी मूळ जागी आली आणि मुलगी कानशील चोळू लागली. मावशी चष्मा पुसून दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा पाहत होत्या. उजवी बाजू बरी दिसते, हे त्यांनी स्वतःहून मान्य केले.

तेवढ्यात डाव्या बाजूचे रबर सोडताना मला जे दिसले, त्यामुळे त्या दिवसाचे स्वरूपच बदलले. कानशिलापाशी केसांच्या मुळांजवळची कातडी बारीक तंबूसारखी वर ओढली गेली होती, आणि त्याच्या मागे केस इतके विरळ झाले होते की आतली त्वचा स्पष्ट दिसत होती. केसांच्या अगदी पुढच्या कडेला मात्र बारीक, आखूड केसांची एक झालर शिल्लक होती. ही झालर सततच्या ओढीने होणाऱ्या केसगळतीची ओळखीची खूण आहे. आखूड केस रबरात सापडत नाहीत म्हणून ते वाचतात आणि त्यांच्या मागचे लांब केस जातात. विचारल्यावर मुलीने सांगितले की ती कॉलेजपासून रोज उंच आणि घट्ट पोनीटेल घालते, कारण "त्यात चेहरा बारीक दिसतो, ताई." रोज संध्याकाळी रबर काढल्यावर डोके दुखते, हेही तिने अगदी सहज सांगितले.

त्यामुळे लग्नाचा अंबाडा पुन्हा नव्याने आखावा लागला. कानशिलावर कसलीही ओढ नको होती, आणि विरळ जागा उघडी पडायलाही नको होती. इथे मुंडावळ्या कामी आल्या. कपाळावरून जाणारी त्यांची आडवी ओळ एरवी गोल चेहऱ्याला आणखी आखूड करते, म्हणून ती भुवयांजवळ न आणता केसांच्या कडेलगत ठेवली. दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या सरांच्या उभ्या रेघा गालांची रुंदी कापतात आणि त्याच सरांमागे कानशिलाचे सैल सोडलेले केस झाकले जातात. उचललेपणाचा भास आम्ही भुवईच्या मेकअपवर आणि केस विंचरण्याच्या तिरप्या दिशेवर सोपवला.

मावशींनी मग दुसरे टोक गाठले आणि मानेवर सैल अंबाडा सुचवला. लांबट चेहऱ्याला तो शोभतो, पण आखूड मानेच्या मुलीला मानेवरचा अंबाडा आणि त्याभोवतीचा मोगरा दोन्ही बाजूंनी डोकावून मानेची उरलीसुरली जागा भरून काढतो. त्यात वरमाला गळ्यात पडली की चेहरा थेट खांद्यांवर बसल्यासारखा दिसतो. त्यामुळे उंची कायम ठेवली. प्रश्न राहिला तो गजऱ्याच्या वजनाचा. ओला मोगरा जड असतो, उंचावरचा अंबाडा तो मागे खेचतो आणि मग तो सावरण्यासाठी रबर कसण्याचा मोह होतो. त्यावर उपाय म्हणून अंबाड्याच्या जागी आतल्या केसांची एक छोटी चपटी वेणी घालून तिच्यात यू पिना अडकवल्या. भार त्या वेणीने आणि मागच्या दाट केसांनी घेतला, कडेच्या केसांवर आलाच नाही. गजराही पूर्ण वेढ्याऐवजी बुडाशी अर्धाच ठेवला.

लग्न वर्धा रोडवरच्या एका लॉनवर होते आणि पारा चव्वेचाळीसच्या पुढे होता. घामाने पफ थोडा बसला, तरी अंबाडा जागेवरून हलला नाही. मंडपात नेण्यापूर्वी मी तिला भुवया वर करायला आणि डोळे घट्ट मिटायला सांगितले. त्या वेळी केसांच्या कडेला ओढ जाणवली नाही, म्हणजे ताण योग्य होता.

ट्रायलच्या दिवशीच मी तिला रोजची पोनीटेल बंद करून मानेजवळ सैल क्लचर लावायला आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितले होते. अशी गळती लवकर लक्षात आली तर ओढ थांबवल्यावर केस बहुधा परत येतात. पण वर्षानुवर्षे ओढ चालू राहिली तर मुळे कायमची निकामी होतात आणि तिथली त्वचा गुळगुळीत होते. तिच्या कानशिलावर अजून बारीक लव होती. दिवाळीच्या सुमारास ती भुवया करायला आली तेव्हा झालरीच्या मागे बोटाच्या पेराएवढे नवे केस उगवलेले दिसले, उजव्या बाजूला जास्त आणि डाव्या बाजूला कमी.