'युआनफन' कळेपर्यंतचं एक वर्ष

हांगचौला चिनी भाषा शिकायला गेलो तेव्हा 'युआनफन' हा शब्द मी वहीत एका ओळीत उरकला होता: युआनफन म्हणजे ऋणानुबंध. पुढचं वर्षभर तीच ओळ खोडत राहिलो.

तिथे हा शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर पडला. पश्चिम सरोवरातल्या नावेत शेजारी बसलेल्या आजोबांनी मी कुठला ते विचारलं. भारत म्हणताच ते खूश होऊन म्हणाले, "युआनफन!" मग त्यांनी एक जुनी म्हण ऐकवली: शंभर वर्षांच्या साधनेने एका नावेत बसणं घडतं, हजार वर्षांच्या साधनेने एका उशीवर डोकं टेकणं. याच सरोवरावरच्या तुटक्या पुलाजवळ पावसात पांढऱ्या सर्पिणीला तिचा नवरा भेटला अशी दंतकथा आहे, त्यामुळे नाव आणि पाऊस आला की तिथल्या लोकांना ही म्हण आठवतेच. मी भारावून आजोबांचा नंबर मागितला. ते जरा गोंधळले. नाव काठाला लागली, हात हलवला आणि चालू लागले. शंभर वर्षांची साधना अर्ध्या तासात संपली!

आपण ऋणानुबंध म्हणतो तो टिकलेल्या नात्याबद्दल, तोही बहुधा मागे वळून बघताना. इथे मात्र हा शब्द नुसत्या भेटीलाही पुरत होता.

दुसरी चूक महागात पडली. वर्गातली एक मुलगी एकाच आठवड्यात दोनदा अचानक भेटली, एकदा ग्रंथालयात आणि एकदा नूडल्सच्या दुकानात. मी नवा शब्द वापरायची संधी साधली: "आपलं युआनफन आहे." ती हसली, पण एक पाऊल मागे सरकली. अनोळखी मुलीशी लगट करू पाहणाऱ्यांचं हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तरी नंतर मी तिला चहाला विचारलं. उत्तर आलं: "खान युआनफन बा", म्हणजे युआनफन काय म्हणतं ते बघू. मी ते आशेने वाचलं आणि दोन आठवडे वाट पाहिली.

शेवटी घरमालकीणबाईंना संदेश दाखवला. त्यांना मी 'आयी' म्हणायचो. चिनीत त्याचा अर्थ मावशी, पण मला दर हाकेला घर आठवायचं. आयी खुर्चीत मागे रेलून हसल्या. "अरे, हा नकार आहे. पण बघ, तुझ्यात काही खोट आहे असं ती म्हणाली नाही आणि स्वतःही वाईट ठरली नाही. कोणाचाच दोष नाही, युआनफनच नव्हतं."

त्यांच्या भाचीचं तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. त्याला 'श्यांगछिन' म्हणतात. आपले कांदेपोहे, फक्त पोह्यांऐवजी कॉफी आणि बहुतेक वेळा दोघंच. भाची परत आली की आयी आधी विचारायच्या, 'यान-युआन' होतं का? म्हणजे डोळ्यांना भावला का? नसेल तर पगार, घर कशाचीच चर्चा पुढे जात नसे. मुलाकडच्यांना फोनवर मात्र एवढंच कळवलं जाई की युआनफन जुळलं नाही.

मग आयींनी शब्दाचे दोन तुकडे करून दाखवले. 'युआन' म्हणजे गाठ पडणं. 'फन' म्हणजे वाटा, त्या भेटीतून तुमच्या पदरात जे पडतं ते. "यौ युआन, वू फन," त्या म्हणाल्या. गाठ पडली, वाटा नाही. तरुणपणी कारखान्यात त्यांच्या शेजारच्या यंत्रावर एक जण होता. दोघांनाही ठाऊक होतं, पण त्याची बदली झाली. काकांसमोरच त्या हे सांगत होत्या आणि काका सूर्यफुलाच्या बिया सोलत होते.

सगळ्यात मोठा उलगडा आमच्या शिक्षकांकडून झाला. 'युआन' या अक्षराचा मूळ अर्थ कापडाची किनार. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना भाषांतरकारांनी संस्कृत 'प्रत्यय'साठी हे अक्षर वापरलं आणि 'हेतू'साठी 'यिन'. हेतू म्हणजे मूळ कारण, प्रत्यय म्हणजे जुळून यावी लागणारी परिस्थिती: बी हा हेतू, पाणी, माती, ऊन हे प्रत्यय. बी कितीही चांगलं असलं तरी हे जमून आल्याशिवाय उगवत नाही. म्हणजे ज्याला मी परका शब्द समजत होतो त्याच्या पोटात आपलाच, व्याकरणाच्या तासाला घोकलेला प्रत्यय होता, फक्त अर्थ वेगळा. जमून आलेलं विखुरतंही, म्हणूनच ताटातूट झाली की 'युआन संपलं' म्हणतात. ब्रह्मदेवाने कपाळी लिहिलेल्यापेक्षा हे बरंच सैल आहे. अर्थात लग्नाच्या बाबतीत लोक नशीबही धरतातच. चंद्राखालचा म्हातारा जोडप्यांचे पाय लाल दोऱ्याने बांधतो ही कथा आयींना तोंडपाठ होती.

निघायच्या दिवशी त्या दारात म्हणाल्या, "यौ युआन, चाय-चिएन." युआन असेल तर पुन्हा भेटू.

मी विचारलं, "आयी, हाही नकार का?"

त्यांनी माझ्या दंडावर चापट मारली आणि चहात उकडलेली चार अंडी पिशवीत कोंबली.