चौदा गुणांचा मुलगा

मी मुलांच्या बौद्धिक चाचण्या घेते. गेल्या पावसाळ्यात चौथीतला नऊ वर्षांचा एक मुलगा आला होता. शाळेने चिठ्ठी दिली होती: 'अभ्यासात मागे, आयक्यू काढून आणा.' दुपारी अडीचची वेळ, शाळा सुटून थेट माझ्याकडे. दारातून बाहेर जाताना आई त्याला म्हणाली, "पटकन कर हं, मग आपण घरी जाऊ." मी ऐकलं आणि सोडून दिलं. तिथेच चुकलं.

सुरुवात रेव्हनच्या रंगीत चाचणीने केली. हिच्यात अ, अब आणि ब असे तीन संच, प्रत्येकात बारा आकृत्या. आकृतीत एक तुकडा कमी असतो, खालच्या सहांतून नेमका तो निवडायचा. पठ्ठ्याने ३६ आकृत्या चार मिनिटांत उरकल्या. गुण आले १४. नुसते अंदाजाने बोट ठेवत गेलं तर सरासरीने सहा येतात, म्हणजे १४ हा आकडा तसा खरा वाटण्यासारखाच. वयाच्या मानाने अगदी तळाला, पण खरा. नुसती बेरीज करून मी अहवाल लिहिला असता तर कुणाला शंकाही आली नसती.

शंका आली ती समासातल्या आकड्यांमुळे. प्रत्येक उत्तराशेजारी किती सेकंद लागले ते पेन्सिलने टिपायची मला सवय आहे. संच पुढे जातो तसा अवघड होत जातो, त्यामुळे मन लावून बसलेलं मूल शेवटच्या आकृत्यांवर रेंगाळतं. ह्याचं पहिल्या आकृतीला सहा सेकंद, बाराव्या आकृतीलाही सहा. अ संचातल्या सुरुवातीच्या, लहान मुलंसुद्धा सोडवतात अशा दोन आकृत्या चुकलेल्या, आणि ब संचातली एक अवघड बरोबर. मधे सलग सात वेळा बोट खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या तुकड्यावर. ज्याला खरंच जमत नाही त्याचं सोपं जमतं आणि अवघडापाशी अडतं. इथे तसं काहीच नव्हतं.

मग आकडे म्हणायला दिले. मी म्हणेन ते तीन आकडे त्याच क्रमाने म्हणायचे, तर दोन्ही वेळा चुकला. उलटे म्हणायला सांगितल्यावर मात्र तीन आकडे बरोबर. उलटं म्हणणं जास्त कठीण. ते जमतं तर सरळही जमायलाच हवं. मोठ्या माणसांसाठी आकड्यांच्या या चाचणीवरून 'प्रयत्न अपुरा' ठरवायच्या सीमारेषा आहेत, पण त्या मुलांना लावल्या तर प्रामाणिक मुलंही त्यात अडकतात. वयच लहान, आकडे कमीच लक्षात राहतात. म्हणून मी सीमारेषेकडे न बघता विसंगतीकडे बघितलं.

प्रयत्न तपासायची खास चाचणीही असते. दिसायला अवघड, प्रत्यक्षात इतकी सोपी की शिकायला जड जाणारी बहुतेक मुलंही पार करतात. तिचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, पालकांनी आधी वाचून यावं असं ते प्रकरण नाही. त्यातही तो कमी पडला. पण त्यावरून मूल खोटं वागतंय असं म्हणता येत नाही. त्या दिवशीचे गुण धरता येत नाहीत, एवढंच कळतं.

गुण मांडून झाल्यावर रेव्हनच्या चुकलेल्या आकृत्यांपैकी चार पुन्हा समोर ठेवल्या. "घाई नाही. हाच तुकडा का, ते मला समजावून सांग." त्याने प्रत्येक आकृतीवर बोट फिरवलं, "ही रेघ इथे तुटलीय ना," असं म्हणत चारही बरोबर सांगितल्या. हे गुण मोजायचे नसतात, पहिलाच आकडा राहतो. पण जमत नव्हतं की केलंच नव्हतं, ते यातून कळलं.

बाकीचं तिथेच थांबवलं. "आज एवढी घाई कसली होती रे?" तो म्हणाला, "आईने सांगितलं ना पटकन कर. आणि भूक लागलीय." सकाळच्या डब्यानंतर पोटात काही नव्हतं.

दहा दिवसांनी सकाळी दहाला, नाश्ता करवून बोलावलं. रेव्हन लगेच पुन्हा घेतली नाही, कारण आकृत्या ओळखीच्या झाल्या की गुण आपोआप वाढतात. बिने-कामत ही दुसरी बुद्धिचाचणी घेतली, मधे दोनदा पाणी प्यायला उठवलं. या वेळी अवघड प्रश्नांवर तो थांबत होता, "माहीत नाही" म्हणण्याआधी छताकडे बघत होता. बुद्ध्यांक नव्वदच्या घरात आला. वाचन मात्र दुसरीच्या धड्यावरही अडखळत होतं, आणि ते घाईमुळे नव्हतं. हळू वाचायला सांगितलं तरी त्याच अक्षरांवर अडत होता. म्हणून वाचनाची वेगळी तपासणी सुचवली.

पहिल्या दिवशीचे कागद मी फाडले नाहीत. अहवालात लिहिलं: 'पहिल्या सत्रात मुलाने पुरेसा प्रयत्न केलेला दिसत नाही, सोपे प्रश्न चुकले, अवघड बरोबर आले, वेळ सगळीकडे सारखाच. त्या सत्राचे गुण क्षमतेचा अंदाज म्हणून वापरू नयेत.' शाळेतून फोन आला, "मॅडम, ते १४ कशाचे?" मग ते वाक्य मी फोनवर पुन्हा एकदा वाचून दाखवलं.